प्लॉटसाठी कर्ज घेताना: घरकर्जापेक्षा अटी वेगळ्या का असतात आणि बांधकामाची मुदत कशी सांभाळावी

पुण्यात फ्लॅटऐवजी स्वतःचा प्लॉट घेऊन त्यावर सवडीने घर बांधावे, असा विचार करणारी बरीच कुटुंबे आहेत. वाघोली, चाकण, तळेगाव किंवा शिरवळच्या बाजूला प्लॉट पाहून आल्यावर पहिला प्रश्न पैशांचा येतो. तेव्हा बहुतेकांचा समज असा असतो की घरकर्ज मिळते तसेच हेही मिळेल. एजंटही ‘लोन होतं’ एवढेच सांगतो. प्रत्यक्षात प्लॉटसाठीचे कर्ज हे घरकर्जाचा केवळ पहिला अर्धा भाग असते. बँक तो भाग देते तेव्हा दुसरा अर्धा भाग, म्हणजे बांधकाम, ठरलेल्या मुदतीत तुम्ही पूर्ण कराल, असे तुमच्याकडून लिहून घेते. म्हणून पहिल्या कागदावर सही करण्याआधीच दुसऱ्या भागाची तजवीज झालेली असणे गरजेचे आहे. हा लेख त्याच दृष्टीने, खरेदीचा हा पहिलाच अनुभव असणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

अटी वेगळ्या असण्याची कारणे

घरकर्जात बँकेकडे तारण असते ते राहते घर. त्यात कुटुंब राहत असते, किंवा त्यातून भाडे तरी येत असते. आर्थिक ओढाताण झाली तरी माणूस घराचा हप्ता सहसा चुकवत नाही, कारण डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती असते. मोकळ्या जागेला हे काहीच लागू पडत नाही. तिच्यातून उत्पन्न येत नाही, तिच्यावर अतिक्रमण होऊ शकते, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद उभा राहू शकतो, आणि कर्ज थकल्यावर बँकेला ती विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागतो. शिवाय नुसत्या जागेचा भाव तयार फ्लॅटच्या भावापेक्षा अधिक अनिश्चित असतो. दोन लागून असलेल्या प्लॉटांना रस्त्याच्या रुंदीवरून वेगवेगळी किंमत येते.

दुसरे कारण धोरणाचे आहे. घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी दिलेले ठरावीक मर्यादेपर्यंतचे कर्ज बँकेला प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे ज्यांना ठरावीक प्रमाणात कर्ज देणे बँकेवर बंधनकारक असते अशा क्षेत्रांत, मोजता येते. नुसती जागा घेण्यासाठीच्या कर्जाला ही सोय नाही. जागा घेऊन ती पडीक ठेवायची आणि भाव वाढल्यावर विकायची, या व्यवहाराला घरकर्जाच्या सवलती मिळू नयेत, हा त्यामागचा विचार आहे. रिझर्व्ह बँकेच्या घरकर्जविषयक सूचनांप्रमाणे प्लॉट खरेदीसाठी वैयक्तिक कर्ज देता येते, पण कर्जदाराने त्या प्लॉटवर घर बांधण्याचा इरादा असल्याचे लिहून द्यावे लागते, आणि ते घर बँकेने ठरवून दिलेल्या मुदतीत बांधायचे असते. ही मुदत किती असावी हे त्या सूचनांत ठरवलेले नाही, ते प्रत्येक बँकेवर सोडलेले आहे. म्हणूनच एका बँकेत दोन किंवा तीन वर्षे, तर दुसरीत पाच वर्षे, असा फरक दिसतो. ‘प्लॉटवर तीन वर्षांत बांधावेच लागते’ असा सरसकट नियम नाही. तुमचा नियम तुमच्या मंजुरीपत्रात असतो.

या दोन कारणांमधून पुढचे सगळे फरक येतात. घरकर्जात रकमेनुसार मालमत्तेच्या किमतीच्या ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांना आहे, तर प्लॉटसाठी बँका साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या पुढे जात नाहीत, आणि शहराबाहेरच्या प्लॉटसाठी काही बँका त्याहूनही खाली थांबतात. मुदत बहुधा जास्तीत जास्त १५ वर्षे असते, तर घरकर्ज ३० वर्षांपर्यंत मिळते. व्याजदरही थोडा जास्त असतो. मुदत कमी आणि दर जास्त, त्यामुळे एकाच रकमेचा हप्ता घरकर्जापेक्षा बराच मोठा होतो. ही बाब पुढच्या उदाहरणात स्पष्ट होईल.

पहिली पायरी: प्लॉट कर्जयोग्य आहे का ते पाहणे

बिनशेती नसलेल्या जागेवर बँक प्लॉटकर्ज का देत नाही, याचे कारण लोकांना माहीत नसते आणि मग बँकेच्या आडमुठेपणावर राग निघतो. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, त्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे शेतजमिनीवर तारण घेतले तरी त्या कायद्याच्या मार्गाने बँकेला ते विकता येत नाही. म्हणून बिनशेती आदेश, किंवा विकास आराखड्यात निवासी विभागात असलेल्या जमिनीसाठी रूपांतरणाची रक्कम भरून मिळालेली सनद, हा बँकेच्या वकिलाने मागितलेला पहिला कागद असतो.

यानंतर लेआउट. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत लेआउट आधी तात्पुरता मंजूर होतो, आणि आतले रस्ते व खुल्या जागांची कामे झाल्यावर अंतिम. विक्रीच्या वेळी दाखवलेला रंगीत नकाशा तात्पुरत्या मंजुरीचा असू शकतो. अंतिम लेआउटनंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक, म्हणजेच बोलीभाषेतला कजाप, तयार होते. त्यावरून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका नसेल आणि सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची नावे सामाईक क्षेत्रात असतील, तर ते गुंठ्याचे व्यवहार असतात. अशा जागेला मोठ्या बँकेचे प्लॉटकर्ज मिळणार नाही, हे गृहीत धरून पुढे जावे. ‘अमुक पतसंस्था करून देते’ असे सांगितले जाते, पण ते वेगळ्या प्रकारचे आणि महागडे कर्ज असते, आणि त्या जागेवर बांधकाम परवानगीची अडचण तशीच राहते.

मुळशी, पानशेत, वेल्हे या भागांत ‘फार्म प्लॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जागांबाबत झोन दाखला स्वतः काढून पाहावा. डोंगरमाथा, डोंगरउतार किंवा शेती विभागातल्या जागेवर घर बांधण्यास कडक मर्यादा असतात. कर्ज मिळाले नाही तर निदान पैसा वाचतो. कर्ज मिळाले आणि परवानगी मिळाली नाही, तर बांधकामाची अट तुम्ही पाळूच शकत नाही, आणि हे संकट त्याहून मोठे. प्लॉटांची योजना ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि तीत आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेराची नोंदणी असायला हवी, तीही तपासावी.

दुसरी पायरी: खिशातून किती जाईल ते मांडणे

आता एक काल्पनिक पण नेहमीच्या मापाचे उदाहरण घेऊ. पती-पत्नी दोघेही नोकरीत, २,००० चौरस फुटांचा प्लॉट, दर चौरस फुटाला २,४०० रुपये, म्हणजे करारातली किंमत ४८ लाख. बँक ७० टक्के देते असे समजू. ४८ लाखांच्या ७० टक्क्यांप्रमाणे ३३.६ लाख मिळतील, असा त्यांचा हिशेब असतो. पण बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत, यांतली जी कमी असेल ती धरते. मूल्यांककाने ४५ लाख लिहिले तर कर्ज ३१.५ लाखांवर येते, आणि २.१ लाखांची तफावत खरेदीच्या ऐन तोंडावर समोर येते.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क साधारणपणे कर्जात धरले जात नाही. मुद्रांक शुल्काचा दर हद्दीप्रमाणे बदलतो. येथे ६ टक्के धरले तर २.८८ लाख होतात, आणि ३० लाखांवरच्या व्यवहाराला नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे स्वतःचे १६.५ लाख, अधिक ३.१८ लाख, असे १९.६८ लाख हातात हवेत. वकील, मूल्यांकन आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. करार करताना विसार म्हणून मोठी रक्कम देण्याआधी बँकेचे मूल्यांकन झालेले असेल, तर ही तफावत विक्रेत्याशी बोलून सोडवण्याची संधी राहते. विसार दिल्यावर ती राहत नाही.

आता हप्ता. ३१.५ लाखांवर ९ टक्के दराने १५ वर्षांसाठी महिन्याला सुमारे ३१,९५० रुपये होतो. हीच रक्कम घरकर्ज म्हणून ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी मिळाली असती तर हप्ता सुमारे २७,३४० आला असता. दर वेळोवेळी बदलतात, पण त्यांतला फरक ध्यानात यावा म्हणून हे आकडे दिले आहेत.

तिसरी पायरी: दुसऱ्या कर्जाची पात्रता आजच तपासणे

बहुतेकांची चूक येथे होते. वरच्या कुटुंबाला १,५०० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. दर चौरस फुटाला २,२०० रुपये धरले तर ३३ लाख लागतील. बँक बांधकामाच्या खर्चाच्या ८० टक्के देते असे समजल्यास २६.४ लाखांचे बांधकाम कर्ज घ्यावे लागेल, आणि ८.५ टक्के दराने २० वर्षांचा त्याचा हप्ता सुमारे २२,९०० रुपये येईल. प्लॉटचा ३१,९५० आणि हा, मिळून जवळपास ५४,८५० रुपये.

बँका सर्व हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत, फार तर थोडी अधिक, मान्य करतात. म्हणजे या कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न सुमारे १.१ लाख तरी असायला हवे, आणि गाडीचे कर्ज असेल तर त्याहून जास्त. आज त्यांचे उत्पन्न ७० हजार असेल तर प्लॉटचे कर्ज सहज मंजूर होईल, कारण त्या वेळी बँक फक्त प्लॉटचा हप्ता पाहते. तीन वर्षांनी बांधकामाचे कर्ज मागायला गेल्यावर तीच बँक नाही म्हणेल. शिवाय बांधकाम चालू असताना भाड्याच्या घराचे भाडे सुरूच असते, हेही या हिशेबात धरायचे राहून जाते.

म्हणून प्लॉटकर्जाच्या अर्जाच्या दिवशीच बँकेला विचारावे, ‘याच उत्पन्नावर बांधकामासाठी मला पुढे किती मिळेल?’ उत्तर तोंडी मिळाले तरी चालेल, पण आकडा मिळाला पाहिजे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्लॉटची मूळ कागदपत्रे पहिल्या बँकेकडे तारण असतात, त्यामुळे बांधकामाचे कर्ज दुसऱ्या बँकेकडून घ्यायचे झाले तर तिला आधी प्लॉटचे कर्ज स्वतःकडे ओढून घ्यावे लागते. ज्या बँकेला बांधकाम कर्जात फारसा रस नाही, तिच्याकडे प्लॉटचे कर्ज अर्ध्या टक्क्याने स्वस्त आहे म्हणून जाण्यात फायदा नसतो.

वर्ष-दीड वर्षात बांधायचेच असेल, तर प्लॉट आणि बांधकाम मिळून एकच संयुक्त कर्ज विचारून पाहावे. त्यात पहिल्या टप्प्यात जागेची रक्कम मिळते आणि पुढचे टप्पे जोते, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर अशा प्रगतीनुसार मिळतात. दर आणि मुदत घरकर्जाच्या जवळ असते. मात्र बांधकाम लवकर सुरू करण्याची अट त्यात अधिक कडक असते. ज्यांना अजून तीन-चार वर्षे थांबायचे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग नाही.

चौथी पायरी: मंजुरीपत्रातले ते एक कलम

मंजुरीपत्र आठ-दहा पानांचे असते आणि बांधकामाची अट बहुधा ‘विशेष अटी’ या शीर्षकाखाली मधल्या पानावर एका ओळीत बसवलेली असते. आमच्या प्लॉटच्या वेळी ती चौथ्या पानावर होती. मी ती वाचली होती, पण अर्धी. ‘तीन वर्षांत बांधकाम’ एवढे लक्षात ठेवले आणि घड्याळ खरेदीखतापासून सुरू होते असे समजून चाललो. आमच्या वास्तुविशारदाने ते पत्र मागून घेतले, पेन्सिलने एका शब्दाखाली रेघ ओढली आणि म्हणाला, “दादा, यात ‘सुरू’ नाही लिहिलंय, ‘पूर्ण’ लिहिलंय. आणि तेही पहिल्या वितरणापासून.” खरेदीखत वितरणानंतर, म्हणजे बँकेने कर्जाची रक्कम दिल्यानंतर, महिन्याभराने झाले होते, त्यामुळे मोजणीतला एक महिना आधीच गेलेला होता. बँकेचा यात दोष नव्हता, पत्र स्पष्ट होते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला या कलमातले तीन शब्द शोधायला सांगतो. पहिला, घड्याळ कधी सुरू होते: मंजुरीच्या तारखेपासून, पहिल्या वितरणापासून की खरेदीखतापासून. दुसरा, काय व्हायला हवे: बांधकाम सुरू होणे, जोत्यापर्यंत येणे की पूर्ण होणे. तिसरा, पुरावा काय चालतो: वास्तुविशारदाचा दाखला आणि छायाचित्रे पुरतात, की जोते तपासणी दाखला किंवा घर राहण्यायोग्य पूर्ण झाल्याचे भोगवटा प्रमाणपत्रच लागते. तिन्हींपैकी एकही अस्पष्ट असेल तर शाखेला ईमेल करून लेखी उत्तर मागावे आणि ते मंजुरीपत्राला जोडून ठेवावे. शाखेतला अधिकारी तीन वर्षांत बदललेला असतो. तुमच्याकडचा कागद तसाच राहतो.

चौथी गोष्ट परिणामाची. अट पाळली नाही तर काय होईल, हे त्याच कलमात किंवा त्याखाली लिहिलेले असते. बहुधा घरबांधणीच्या हेतूने दिलेला दर काढून घेऊन बँकेचा सामान्य मालमत्ता कर्जाचा जास्त दर लावला जाईल, किंवा दंडात्मक आकार घेतला जाईल, किंवा कर्ज एकरकमी परत मागण्याचा हक्क राखून ठेवला असेल. दंडाच्या बाबतीत एक संरक्षण आहे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे अट मोडल्याचा दंड हा वेगळा आकार म्हणून घ्यायचा असतो, व्याजदरात मिसळून नाही, आणि त्या आकारावर पुन्हा व्याज लावता येत नाही. मंजुरीपत्रात या दोन गोष्टी कशा शब्दांत मांडल्या आहेत ते नीट वाचावे, कारण करारातच कर्जाचा प्रकार बदलेल असे मान्य केले असेल तर तो मुद्दा वेगळा होतो.

वरच्या उदाहरणात तीन वर्षांनी ३१.५ लाखांपैकी सुमारे २८ लाख शिल्लक असतात. त्या वेळी दर ९ वरून ११ टक्के झाला आणि उरलेली १२ वर्षे तशीच राहिली तर हप्ता सुमारे ३५,१९० वर जातो, म्हणजे महिन्याला साधारण ३,२४० रुपये जास्त. १२ वर्षांत हे जवळपास ४.६७ लाख होतात. बांधकाम सहा महिने उशिरा झाल्याची ही किंमत असू नये, म्हणून बांधकाम पूर्ण झाल्यावर मूळ दर परत लागू होतो का, हेही त्याच पत्रात शोधावे.

पाचवी पायरी: मुदत उलट मोजणे

समजा पहिले वितरण ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि तीन वर्षांत बांधकाम पूर्ण हवे, म्हणजे मुदत ऑक्टोबर २०२८. भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जापासून ते हातात येईपर्यंत तीन महिने धरले तर काम जुलै २०२८ पर्यंत पूर्ण असायला हवे. दुमजली साध्या घराला पायापासून रंगापर्यंत १४ महिने लागतात असे समजू. म्हणजे कागदावर मे २०२७ मध्ये सुरुवात करता येते.

पण पुण्याच्या पूर्वेकडील बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, खणलेले खड्डे पाण्याने भरतात आणि पायाचे काम जून ते सप्टेंबरमध्ये रखडते. म्हणून पाया डिसेंबर-जानेवारीत घेऊन मेअखेर जोते पूर्ण करणे हाच सुरक्षित मार्ग. तेव्हा सुरुवात डिसेंबर २०२६, आणि फेब्रुवारी २०२८ पर्यंत काम संपून आठ महिने हाताशी राहतात. डिसेंबर २०२६ पर्यंत बांधकाम परवानगी हवी असेल तर अर्ज ऑगस्टमध्ये जायला हवा. त्याआधी माती परीक्षण, नकाशा आणि शासकीय मोजणी झालेली हवी. मोजणीचा अर्ज २०२६ च्या सुरुवातीलाच करावा.

आता हेच एक हिवाळा चुकवून पाहा. पाया डिसेंबर २०२७ मध्ये सुरू झाला तर काम फेब्रुवारी २०२९ मध्ये संपते, दाखला मे महिन्यात येतो, आणि मुदत सात महिन्यांनी हुकते. तीन वर्षांची मुदत ऐकायला मोठी वाटते, पण पायासाठीचे हिवाळे मोजले तर त्यात वापरता येण्याजोगा एकच असतो, कारण पहिला हिवाळा कागदपत्रांत जातो आणि तिसरा उशिराचा ठरतो. पाच वर्षांच्या मुदतीत असे तीन हिवाळे मिळतात. बँका निवडताना पाव टक्का दरापेक्षा हा फरक मला जास्त मोलाचा वाटतो.

मोजणीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण वेळ तिथेच जातो. खरेदीखतानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर तुमचे नाव चढल्याशिवाय तुमच्या नावाने मोजणीचा अर्ज करता येत नाही. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाला ‘क प्रत’ म्हणतात. वास्तुविशारद त्याच नकाशावरून परवानगीचा नकाशा काढतो. आमच्या मोजणीत एका कोपऱ्याचा दगड शेजाऱ्याच्या कुंपणाच्या आत दीड फूट निघाला. भांडण झाले नाही, शेजारी समजूतदार होते, पण कुंपण हलवून खुणा पुन्हा कायम होईपर्यंत दोन महिने गेले. खरेदीआधी मोजणी करून घेतली असती तर हा वेळ विक्रेत्याचा गेला असता, आमच्या मुदतीतून नाही.

परवानगीलाही स्वतःची मुदत असते, हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षासाठी असते, आणि नंतर दरवर्षी नूतनीकरण करून वाढीव तीन वर्षांपर्यंत चालवता येते. म्हणून परवानगी लवकर काढून ठेवण्यात तोटा नाही. काही बँका मुदतवाढीचा विचार करताना हेच प्रमाणपत्र प्रामाणिक प्रयत्नाचा पुरावा म्हणून पाहतात.

आयकराचे वेगळे घड्याळ

प्लॉट रिकामा असेपर्यंत त्या कर्जाच्या व्याजावर किंवा मुद्दलावर कोणतीही वजावट मिळत नाही. जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्यासाठी घर बांधून पूर्ण झाल्यावर, पूर्ण होण्याआधीच्या काळातले व्याज पाच समान भागांत मागता येते, आणि त्या वर्षाचे व्याज धरून एकूण मर्यादा २ लाख असते. कर्ज घेतले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले नाही तर ही मर्यादा ३० हजारांवर येते. ऑक्टोबर २०२५ च्या कर्जासाठी ही तारीख ३१ मार्च २०३१. बँकेची मुदत आणि ही मुदत यांचा एकमेकींशी संबंध नाही. बँकेने वाढ दिली म्हणून आयकराची मुदत वाढत नाही. जागेच्या कर्जाचे व्याज घराशी कसे जोडून दाखवायचे, हे आपल्या कर सल्लागाराकडून आधीच समजून घ्यावे.

मुदत हुकेल असे दिसू लागले तर

मुदतीच्या किमान सहा महिने आधी बँकेला लेखी अर्ज द्यावा. सोबत परवानगीची प्रत, वास्तुविशारदाचे पत्र, झालेल्या कामाची तारीखवार छायाचित्रे आणि नवे वेळापत्रक जोडावे. मुदत संपल्यावर केलेला अर्ज हा खुलासा ठरतो, आधी केलेला अर्ज विनंती ठरतो, आणि बँकेत या दोन्हींची वाट वेगळी असते. वाढ तोंडी मिळाली असे मानू नये.

वाढ मिळत नसेल आणि हातात काही रक्कम असेल, तर ती घाईघाईने अर्धवट बांधकामात घालण्यापेक्षा मुद्दलात भरणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. वैयक्तिक, बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार लागत नाही. केवळ अट दाखवण्यापुरती चार भिंती आणि पत्र्याची खोली उभारण्याचा सल्ला काहीजण देतात. मंजूर नकाशाबाहेरचे असे बांधकाम भोगवटा प्रमाणपत्र मिळवून देत नाही, बँकेचे समाधानही करत नाही, आणि पुढे खरे घर बांधताना पाडावे लागते.

काम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र हातात आले की त्याच आठवड्यात त्याची प्रत शाखेत द्यावी आणि पोचपावती घ्यावी. बांधकामाची अट पूर्ण झाल्याची नोंद खात्यावर करावी आणि लागू असेल तर प्लॉटचे कर्ज घरकर्जाच्या दरात वर्ग करावे, अशी लेखी विनंती सोबत जोडावी, कारण बँक हे आपणहून करेल याची खात्री नसते. पुढच्या महिन्याचे खातेविवरण उघडून व्याजाचा दर खरोखर बदलला आहे का ते पाहावे, आणि बदललेला नसेल तर त्या पोचपावतीची तारीख दाखवून फरकाची रक्कम परत मागावी.